जॉइन दाबण्याआधी एक फोन

अगं, काल रात्री तू पाठवलेला स्क्रीनशॉट मी आज सकाळी शांतपणे पाहिला. वसई पूर्वेला वालीवकडच्या एका कंपनीचं नाव, ‘एचआर टीम’कडून आलेला मेल, उद्या संध्याकाळी पाचला ऑनलाइन इंटरव्ह्यू आणि खाली निळं बटण, `Join with Google Meet`. तू विचारलंयस, साधा कुर्ता चालेल ना? कुर्ता चालेल गं. पण त्या बटणामागे काय आहे ते मला आधी बघायचंय, आणि ते तुझं तुला बघता यायला हवं. तू नोकरी शोधते आहेस तोवर असे मेल येतच राहणार.

मेलमध्ये तुझं पूर्ण नाव आहे, बी.कॉम. लिहिलंय, नालासोपाऱ्याला राहतेस हेही लिहिलंय, म्हणून तुला तो खरा वाटला. पण हे सगळं तूच बायोडेटात लिहून दोन-तीन पोर्टलवर टाकलंयस. तिथून तो बायोडेटा कुणाकुणाच्या हाती जातो, ते आपल्याला कळत नाही. तेव्हा आपली माहिती बरोबर आहे, एवढ्यावर मेलला खरं म्हणायचं नाही.

आधी पाठवणारा बघू. फोनवर मेल उघडला की वर फक्त नाव दिसतं, आणि ते नाव पाठवणाऱ्यानं स्वतःच भरलेलं असतं. तिथे ‘एचआर टीम’ लिही नाहीतर ‘कलेक्टर ऑफिस’, कुणी अडवत नाही. जीमेलच्या ॲपमध्ये नावाखाली `to me` असतं, त्यावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो. तुझ्या मेलमध्ये `@` नंतर कंपनीच्या वेबसाइटचं नाव नाहीये. त्या नावाला ‘careers’ जोडून केलेलं भलतंच नाव आहे. मला पहिली शंका आली ती इथे. नुसती शंकाच हं, कारण आपल्याकडे गोखिवरे, सातिवली, वालीव भागात कित्येक छोटे कारखाने खरोखरच साध्या जीमेलवरून कारभार करतात. जीमेल दिसलं म्हणून मेल खोटा होत नाही. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बनावटही दाखवता येतो, म्हणून तो अगदी बरोबर दिसला तरी मेल खराच आहे असं धरून चालायचं नाही.

आता ते बटण. बटणावर काय लिहिलंय याला काही अर्थ नाही, ते कुठे नेतं याला आहे. फोनवर बटण दाबून सोडू नकोस, बोट दाबून धर. लिंक न उघडता तिचा पत्ता वर येतो. कॉम्प्युटरवर असशील तर माउस नुसता बटणावर ने, खाली डाव्या कोपऱ्यात पत्ता दिसतो. गाडीत, विरार फास्टच्या लेडीज डब्यात एका हातानं कडी धरून हे करायला जाऊ नकोस. तिथे बोट निसटतं आणि लिंक उघडते. घरी येऊन कर.

पत्ता दिसला की `https://` च्या पुढे वाचायला लाग आणि पहिली एकेरी तिरकी रेघ `/` आली की थांब. मालक कोण हे तेवढ्याच भागात ठरतं. तो भाग मात्र उलटा, शेवटाकडून वाचायचा. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तसंच हे आहे. ‘विरार लॉज, स्टेशन रोड, पुणे’ असं लिहिलं असेल तर तो लॉज पुण्यात असतो, पाटीवर विरार असलं तरी. म्हणून टिंबांनी वेगळे केलेले शेवटचे दोन तुकडे बघ, शेवट `co.in` असा असेल तर तीन. खऱ्या मीटची लिंक अशी दिसते:

```
https://meet.google.com/abc-defg-hij
```

तिरक्या रेघेआधीचे शेवटचे दोन तुकडे `google` आणि `com`. म्हणजे जागा गुगलचीच. रेघेनंतर दहा अक्षरांचा कोड असतो, तीन, चार, तीन असा तोडलेला. झूमच्या मीटिंगच्या लिंकमध्ये तिरक्या रेघेआधी शेवटी सहसा `zoom.us` असतं, टीम्सच्या लिंकमध्ये `teams.microsoft.com` किंवा `teams.live.com`.

आणि आता ही बघ. ही मी मनानं बनवलेली नाही. सेकोया नावाच्या फ्रेंच सुरक्षा कंपनीनं ऑक्टोबर 2024 मध्ये खोट्या गुगल मीटच्या पानांची एक मोहीम उघडकीला आणली, त्यातला हा पत्ता आहे. ब्राउझरमध्ये टाकू नकोस, इथेच वाच:

```
meet.google.com-join.us
```

घाईत वाचलं तर डोळ्याला `meet.google.com` दिसतं आणि मन पुढे जातं. पण `com` च्या पुढे टिंब नाही, आडवी रेघ आहे. टिंबांवर तोड म्हणजे शेवटचे दोन तुकडे होतात `com-join` आणि `us`. म्हणजे जागेचं नाव `com-join.us`, आणि त्याचा गुगलशी काहीच संबंध नाही. सुरुवातीचं `meet` आणि `google` हे त्या मालकानं हवं म्हणून लावून घेतलेलं. त्याच मोहिमेत `google` मधला `l` काढून तिथे `i` घातलेलेही पत्ते होते. फोनच्या बारीक अक्षरात तो फरक मलाही चटकन दिसला नसता, म्हणून मी लिंक तपासताना ती कॉपी करते, नोट्समध्ये टाकते आणि अक्षर मोठं करून वाचते.

त्या पानावर गेल्यावर पुढे काय होतं, ते तुला नीट सांगते, कारण पत्ता वाचायचा राहून गेलाच तर इथे तरी थांबता येतं. पान हुबेहूब मीटसारखं असतं. मीटिंग सुरू होणार असं वाटतं तेवढ्यात मध्ये एक चौकट येते, तुमच्या मायक्रोफोनमध्ये किंवा हेडसेटमध्ये अडचण आहे, दुरुस्त करण्यासाठी हे करा. खाली दुरुस्तीचं बटण. ते दाबलं की दिसत काहीच नाही, पण तुझ्या नकळत एक आज्ञा कॉपी होऊन बसते. मग पान सांगतं, विंडोजचं बटण आणि `R` एकत्र दाबा, मग `Ctrl` आणि `V`, मग `Enter`. यातली प्रत्येक गोष्ट तू स्वतःच्या हातानं करतेस, त्यामुळे कॉम्प्युटरला वाटतं मालकिणीचीच इच्छा आहे. ती आज्ञा चालली की चोरी करणारा प्रोग्राम उतरतो आणि ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड उचलून नेतो. नुसते पासवर्डच नाहीत, तू आधीच लॉगिन केलेलं आहेस याची जी खूण ब्राउझर सांभाळतो, तीही नेतो. त्यामुळे ओटीपी न मागताही तुझ्या मेलमध्ये शिरता येतं. मॅक वापरणाऱ्यांना सरळ एक फाइल उतरवायला सांगत होते.

म्हणून हे एवढं घट्ट लक्षात ठेव. माइक चालत नसेल तर खरं मीट फार तर माइकची परवानगी मागतं किंवा सेटिंगमध्ये दुसरा माइक निवडायला सांगतं. कीबोर्डवर काही पेस्ट करायला कुठलीही खरी मीटिंग सांगत नाही. फोनवर याचाच दुसरा अवतार म्हणजे ‘मीटिंगसाठी हे ॲप अपडेट करा’ म्हणून येणारी `.apk` फाइल. ॲप हवंच असेल तर ते प्ले स्टोअरमधून तू शोधून घे, लिंकवरून आलेलं घेऊ नकोस. आणि मीटिंगला जाता जाता गुगलचा पासवर्ड मागणारं पान समोर आलं तर पुन्हा वर पत्ता बघ. गुगल आपला पासवर्ड `accounts.google.com` वर विचारतं. फोननं किंवा ब्राउझरनं एरवी तुझा पासवर्ड आपोआप भरला असता आणि या पानावर तो भरत नसेल, तर तीही खूण मानायची. तो पत्ता जुळवून बघतो, आपल्यासारखा दिसण्यावर भाळत नाही.

या सगळ्या वाचनापेक्षा एक सोपा रस्ता आहे. लिंक दाबूच नकोस. गुगल मीटचं ॲप आपलं आपण उघड आणि ‘कोड टाका’ म्हणतात त्या जागी लिंकमधली ती दहा अक्षरं लिही. झूममध्ये मीटिंग आयडी आणि पासकोड टाकून तसंच जाता येतं. कोड खरा असेल तर मीटिंग उघडेल. तो नुसता सजावटीला घातलेला असेल तर गुगल सांगेल की अशी मीटिंग नाही. लिंक छोटी करून पाठवली असेल, म्हणजे पत्त्यावरून काहीच कळत नसेल, तर सरळ लिहायचं की मला मीटिंगचा कोड पाठवा. खऱ्या माणसाला तो पाठवायला काहीच जड जात नाही.

आता माझं खरं म्हणणं इथून पुढे आहे. समजा लिंक खरी निघाली. `meet.google.com` च आहे, कोडही चालतो. तरीही बोलावणारा खरा ठरत नाही. गुगल मीटची खोली कुणीही फुकट उघडू शकतं, तू, मी आणि ठगही. लिंक खरी आहे का आणि मागणी खरी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बरेच जण पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा विचारायचं सोडून देतात.

हाँगकाँगला 2024 च्या सुरुवातीला जे झालं ते याचंच मोठं रूप. अरुप ही इंजिनिअरिंगमधली नावाजलेली ब्रिटिश कंपनी, सिडनीच्या ऑपेरा हाउसचं बांधकामशास्त्र ज्यांनी सांभाळलं तीच. तिथल्या हाँगकाँग ऑफिसात हिशेब बघणाऱ्या एका माणसाला मेल आला, लंडनच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नावानं. काही गुप्त व्यवहार करायचे आहेत असा. त्या माणसाला शंका आली होती, हे लक्षात घे. तो भोळा नव्हता. मग त्याला व्हिडिओ मीटिंगला बोलावलं. स्क्रीनवर तो अधिकारी आणि ओळखीचे बाकीचे सहकारी दिसले, बोलले, आणि त्याची शंका गेली. त्यानं पंधरा वेळा मिळून वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, म्हणजे आपले दोनशे कोटी रुपयांच्या वर. नंतर मुख्य कार्यालयात विचारलं तेव्हा कळलं की त्या मीटिंगमध्ये तो एकटाच खरा होता. बाकीचे चेहरे आणि आवाज बनवलेले होते. शंका आली तेव्हाच त्यानं लंडनला स्वतःहून फोन लावला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यानं खात्री केली ती ठगांनीच उघडलेल्या मीटिंगमध्ये बसून.

म्हणून पडताळणीचा रस्ता आपण निवडायचा. तुझ्या मेलमध्ये खाली एक मोबाइल नंबर आहे, ‘शंका असल्यास संपर्क करा’. त्यावर फोन करून काय मिळणार? ज्यानं मेल पाठवला तोच उचलेल आणि गोड बोलेल. नंबर दुसरीकडून आणायचा. कंपनीची वेबसाइट तू स्वतः शोधून उघड, तिथला नंबर घे. लँडलाइन असेल तर उत्तम. गुगल मॅपवरच्या नंबरवर एकट्यावर विसंबू नकोस, तिथे माणसं नंबर बदलण्याच्या सूचना टाकत असतात. फोनवर एवढंच विचार, ‘तुमच्याकडून मला उद्या पाचच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय, या नावाच्या मॅडम तुमच्याकडे एचआरला आहेत का, आणि उद्या मुलाखती ठेवल्यात का?’ ऑपरेटर दोन मिनिटांत सांगतो.

आणि आपल्याकडे एक सोय आहे जी परदेशातल्या कंपनीत नोकरी शोधणाऱ्याला नाही. कंपनी वालीवला आहे ना? वसई स्टेशनला पूर्वेकडे उतर, शेअर रिक्षा पकड आणि गेटवर जाऊन विचार. वॉचमनदादांना सांगायचं, ऑफिसात कुणाशी तरी बोलायचंय. लाजायचं नाही. नोकरीला येणारी मुलगी आधी येऊन चौकशी करते, याचं कुणालाही वाईट वाटत नाही. जमलं नाही तर ओळखीत विचार, आपल्या चाळीत आणि सोसायटीत त्या पट्ट्यात कामाला जाणारं कुणी ना कुणी असतंच.

मेलला उत्तर द्यायचंच असेल तर ते पडताळणी झाल्यावर दे, आणि `Reply` दाबून नको. नवा मेल उघड, कंपनीच्या साइटवरचा पत्ता हातानं टाक आणि साधं लिही: ‘मला तुमच्या नावानं उद्याच्या मुलाखतीचा मेल आला आहे. तो तुमच्याकडूनच आहे का ते कृपया कळवावे. मी कोणत्या पदासाठी आणि कुठून अर्ज केला होता, आणि मुलाखत कोण घेणार आहे, हेही सांगावे.’ खरा एचआरवाला याला उत्तर देतो, कधी उशिरा देतो, पण देतो. खोटा असेल तर त्याला उत्तर टाळायचं असतं, म्हणून तो घाई करतो. ‘जागा एकच आहे’, ‘पाचपर्यंत जॉइन केलं नाही तर नाव रद्द’, ‘आधी नोंदणीचे पाचशे भरा’, ‘ओळख पटवायला स्क्रीन शेअर करा’. यातलं एकही वाक्य आलं की संवाद बंद. स्क्रीन शेअर केली की तुझ्या फोनवर येणारा ओटीपी त्याला तुझ्याबरोबरच दिसतो. एनीडेस्कसारखी, दुसऱ्याला आपला फोन चालवू देणारी ॲप्स तर मुळीच टाकायची नाहीत. रिझर्व्ह बँकेनं त्याबद्दल 2019 मध्येच सावध केलं होतं.

आई-बाबांनाही हे सांग, पण त्यांना वेगळ्या शब्दांत सांगावं लागेल. त्यांना इंटरव्ह्यूचं बोलावणं येणार नाही, सुनावणीचं येईल. ऑगस्ट 2024 मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना सीबीआयच्या नावानं घाबरवून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली, न्यायमूर्ती चंद्रचूड म्हणून भलताच कुणीतरी बसवला आणि ओसवाल यांच्याकडून सात कोटी काढून घेतले. वय ब्याऐंशी, आयुष्यभर व्यवहार केलेला माणूस. त्यांनी तक्रार केल्यावर सव्वापाच कोटी परत मिळाले. बाबांना एवढंच पाठ करून दे: पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, ‘डिजिटल अटक’ कुठल्याच कायद्यात नाही, आणि ‘घरात कुणाला सांगू नका’ असं जो म्हणेल त्याचा फोन ठेवून तुला हाक मारायची. चंद्रचूडांचं नाव ऐकून बाबा खुर्चीत सरळ बसतील, मला माहीत आहे, म्हणून आधीच सांग.

एक बारीक गोष्ट राहिली. तुझ्या कॅलेंडरमध्येही तो इंटरव्ह्यू आपोआप जाऊन बसला असेल. कॅलेंडरमध्ये दिसतोय म्हणजे आपणच नोंदवलाय असं वाटतं, पण बाहेरून आलेलं आमंत्रण तिथे न विचारता येऊ शकतं. त्यावर `No` दाबू नकोस. नकारही पाठवणाऱ्याकडे पोहोचतो आणि त्याला कळतं की हा पत्ता चालू आहे, कुणीतरी वाचतंय. खोटं ठरलं तर त्या नोंदीतूनच `Report as spam` कर. मग कॉम्प्युटरवर गुगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये `Add invitations to my calendar` शोध आणि तिथे `Only if the sender is known` निवड. अनोळखी लोकांची आमंत्रणं मग मेलमध्येच राहतात.

आणि समज, हे वाचायच्या आधीच तू बटण दाबलं असशील. नुसतं पान उघडून बंद केलं असेल, काही लिहिलं नसेल, उतरवलं नसेल, पेस्ट केलं नसेल, तर बहुतेक काही झालेलं नाही. पण पासवर्ड टाकला असेल किंवा ती पेस्टची भानगड केली असेल तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट लगेच बंद कर. पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्या फोनवरून, माझा घे. त्याच कॉम्प्युटरवरून बदललास तर नवा पासवर्डही ठगांकडे जाईल. गुगल खात्याच्या `Security` मध्ये `Your devices` असतं, तिथून अनोळखी उपकरणं आणि तो कॉम्प्युटर, दोन्ही बाहेर काढ. आधी मेलचा पासवर्ड, मग बँकेचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात.

पैसे गेले असतील तर पहिला फोन 1930 ला, आणि लागलीच बँकेला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात हलवले जाण्याआधी ते मध्येच गोठवता यावेत म्हणूनच तो नंबर आहे, त्यामुळे तिथे मिनिटं मोजली जातात. ‘उद्या सकाळी जाऊ’ म्हणायचं नाही. तक्रार `cybercrime.gov.in` वर लिहिता येते. आपला भाग 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे आणि त्यांचं सायबर पोलीस ठाणं आहे, पण तिथेच जायला हवं असं नाही, जवळच्या कुठल्याही ठाण्यात तक्रार घेतात. मेल डिलीट करू नकोस. राग येतो, लाजही वाटते, आणि आपण पहिलं तेच करतो. तो मेल, पूर्ण लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा व्यवहार क्रमांक आणि वेळ, एवढं घेऊन ये. मी येते तुझ्याबरोबर. आत्ता मात्र कंपनीचा लँडलाइन नंबर शोध आणि दहा वाजले की फोन लाव.